चालतीय की चाललीय

बारामतीतल्या जळोचीत ठिबक सिंचनाच्या पाइपांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी जर्मन शिकवते. लग्न होऊन बारामतीत आले तेव्हा सासरी सगळे विचारायचे, "इथं जर्मन कोण शिकणार?" बरीच वर्षं त्यांचंच बरोबर होतं. एमआयडीसीतला एखादा इंजिनिअर यायचा, सहा महिने शिकायचा आणि बदली होऊन जायचा. गेल्या काही वर्षांत मात्र नर्स मुली यायला लागल्या. जर्मनीतल्या दवाखान्यांना माणसं हवीत हे गावोगाव कळलं होतं. रात्रपाळी करून, डोळे लाल, डबा हातात, अशा त्या सकाळी जिना चढून यायच्या. पहिल्या बाकावर बसायच्या आणि मी बोलेन ते सगळं लिहून घ्यायच्या.

मी बोलेन ते सगळं. ते शब्द आता लिहितानाही टोचतात, कारण त्यातलं एक वाक्य चूक होतं आणि ते मी दहा-बारा वर्षं शिकवलं.

काय चूक होतं ते सांगण्याआधी थोडं व्याकरण सांगावं लागेल. जर्मनमध्ये विभक्ती चार. नामाच्या आधी एक छोटा शब्द येतो आणि विभक्ती बदलली की तो बदलतो. पुल्लिंगी नाम असेल तर कर्त्याला 'डेर', कर्माला 'डेन'. कुणाला काही दिलं तर त्या 'कुणाला'साठी 'डेम'. आणि 'कुणाचं' हे सांगायचं असेल तर 'डेस'. नपुंसकलिंगी नाम कर्ता असो की कर्म, त्याला 'डास', स्त्रीलिंगीला 'डी', आणि स्त्रीलिंगीला काही देताना 'डेर'. आपल्याकडे नाम स्वतःच वाकतं. ओढा म्हणतो, पण 'ओढात' कुणी म्हणत नाही, 'ओढ्यात' म्हणतो. जर्मन नाम बहुतेक वेळा जसंच्या तसं उभं राहतं, वाकतो तो त्याच्या पुढचा छोटा शब्द.

आपले 'साठी', 'वर', 'खाली' नामाच्या मागून येतात, त्यांचे पुढून येतात, आणि कोणती विभक्ती घ्यायची हे तेच ठरवतात. काही शब्द कायम कर्माची विभक्ती घेतात, म्हणजे अक्कुझाटिफ. 'डुर्श' म्हणजे मधून, 'फ्युअर' म्हणजे साठी, 'गेगन' म्हणजे विरुद्ध, 'ओने' म्हणजे शिवाय, 'उम' म्हणजे भोवती. काही कायम देण्याची विभक्ती घेतात, म्हणजे डाटिफ. 'मिट' म्हणजे बरोबर, 'फोन' म्हणजे कडून, 'त्सू' म्हणजे कडे, 'बाय' म्हणजे जवळ, 'आउस' म्हणजे मधून बाहेर, 'नाख' म्हणजे नंतर किंवा एखाद्या गावाकडे, 'झाइट' म्हणजे पासून. हे पाठ केले की झालं. त्यांना विचारावं लागत नाही.

खरी गंमत उरलेल्या नऊ शब्दांची. आत, वर, वरती हवेत, खाली, पुढं, मागं, शेजारी, मध्ये आणि चिकटून. हे नऊ शब्द दोन्ही विभक्ती घेतात. एकच 'इन' म्हणजे 'आत', त्याच्यामागं कधी 'डेन' येतो, कधी 'डेम'. कोणता कधी, यासाठी मी मुलींना एक ओळ द्यायचे, जी मला पुण्यात माझ्या पहिल्या क्लासात कुणीतरी दिली होती.

"हललं की अक्कुझाटिफ, थांबलं की डाटिफ."

मुली खूश व्हायच्या. तांब्या टेबलावर ठेवते, हलला, अक्कुझाटिफ. तांब्या टेबलावर आहे, थांबला, डाटिफ. परीक्षेतल्या गाळलेल्या जागा यावर धडाधड भरल्या जायच्या. मीसुद्धा कधी पुढं पाहिलं नाही.

जवळच्या अंथुर्णे गावातली एक मुलगी होती. बारामतीतल्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात काम करायची. उंच, हाताची नखं अगदी बारीक कापलेली, बोलायला कमी. घरी पाच एकर, त्यात दोडका, भेंडी, थोडी डाळिंबं. वडील नव्हते. आई आणि ती. तिच्या वह्या मी अजून विसरले नाही. प्रत्येक पानाला मधोमध रेघ, डावीकडं 'हललं', उजवीकडं 'थांबलं', आणि दोन्हीकडं वाक्यांच्या लांबच लांब रांगा.

जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा ती पहिल्याच वेळी पास झाली. मग एका जर्मन दवाखान्याची मुलाखत ठरली, व्हिडिओवर. ती मुलाखत तिनं बारामतीतल्या आपल्या दवाखान्याच्या स्टाफरूममध्ये बसून दिली. दुसऱ्या दिवशी क्लासला आली ती शेवटच्या बाकावर बसली.

सगळ्या गेल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"मॅडम, चित्र दाखवलं. म्हातारी बाई चाकाची काठी, तो वॉकर, धरून कॉरिडॉरमध्ये चालतेय. सांगा म्हणाले, काय दिसतंय."

"मग?"

"मी म्हटलं, 'डी पात्सिएन्टिन लॉइफ्ट इन डेन फ्लुअर.' त्या मॅडमनी विचारलं, कुठल्या खोलीतनं आली? मी म्हटलं, खोली नाही. त्या म्हणाल्या, पण तुम्ही तर म्हणालात की ती कॉरिडॉरमध्ये येतेय. मग ती कुठून येतेय? तिच्याबरोबर कुणी होतं का? मला कळेचना त्या काय विचारतायत. चित्रात फक्त कॉरिडॉर होता, मॅडम. त्याच्यानंतर मला काहीच बोलता आलं नाही."

दोन दिवसांनी त्या जर्मन दवाखान्याची ईमेल आली. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बोलू, असं लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ होती: स्थळ आणि दिशा यांतला फरक पक्का करावा, रुग्णाची माहिती देताना त्यावर बरंच अवलंबून असतं.

तिनं ती ओळ मला दाखवली आणि वही पुढं केली. "मॅडम, उत्तर काय हवं होतं?"

मला उत्तर माहीत होतं. "इन डेम फ्लुअर. जोडून म्हणतात, इम फ्लुअर."

"पण ती चालतेय ना? हलतेय. डाव्या बाजूला यायला पाहिजे."

मी फळ्याकडं पाहत म्हटलं, "हां, हा अपवाद आहे."

तिनं वहीत 'अपवाद' असं लिहिलं आणि त्याखाली ते वाक्य. मला अजून आठवतं, तिनं ते इतकं विश्वासानं लिहिलं की मला खाली बघावं लागलं. हा अपवाद नाही हे मला आतून कळत होतं. 'बागेत फिरतो' यातही डाटिफ येतो, 'पोहतो तलावात' यातही येतो. इतके अपवाद असतील तर नियमच कुठंतरी फाटका आहे. पण नियम काय ते मला शब्दांत मांडता येत नव्हतं. जर्मन बोलताना मी चुकत नसे, कानानं बोलत असे. कानानं कळतं ते दुसऱ्याला कसं द्यायचं, हे मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात तिची आई क्लासात आली.

आईच्या डोळ्यांची तपासणी होती. बारामतीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध टाकलं होतं, दोन-तीन तास काही नीट दिसणार नव्हतं. मुलीचा क्लास बुडवायचा नव्हता, म्हणून ती आईला हाताला धरून जिना चढवून घेऊन आली. "मॅडम, हिला मागं बसवते. काही बोलणार नाही."

"येऊ दे की," मी म्हटलं. "बसा, मावशी."

"बसते, बाई. तुमचं चालू द्या," म्हणत तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि भिंतीला टेकून बसली. उजेड सहन होत नव्हता. साठीच्या आतबाहेरची असेल. हात बघून कळत होतं की सकाळी डॉक्टरकडं यायच्या आधीही ती वेलांच्या मांडवाखाली जाऊन आलेली होती.

मी त्या दिवशी मुद्दाम तोच धडा पुन्हा घेतला. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'लॉइफ्ट इन डेन फ्लुअर' आणि 'लॉइफ्ट इन डेम फ्लुअर'. म्हटलं, "दोन्हीचं मराठी करा."

मुलींनी केलं. पहिलीनं सांगितलं, "ती कॉरिडॉरमध्ये चालते." दुसरीनंही सांगितलं, "ती कॉरिडॉरमध्ये चालते."

"मग फरक काय?"

मुलींनी वह्या चाळल्या. मी पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले. घर म्हटलं, अंगण म्हटलं, हातवारे केले, टेबलाभोवती फिरून दाखवलं. "बघा, मराठीत 'कॉरिडॉरमध्ये' एकच आहे. 'घरात आहे' आणि 'घरात गेला', दोन्हीकडं 'घरात'च. आपण विचारतोही एकच: 'कुठं आहेस?' आणि 'कुठं गेलास?' जर्मन माणूस मात्र दोन वेगळे प्रश्न विचारतो. असेल तिथं 'वो', जाईल तिथं 'वोहिन'. आपल्याला हा फरक नाही, म्हणून आपल्याला जड जातं."

मागून आवाज आला.

"बाई, मधी बोलू का?"

मुलगी वळून म्हणाली, "आई, गप बस ना."

"असू दे," मी म्हटलं. "बोला, मावशी."

डोळ्यांवरचा पदर तसाच ठेवून ती म्हणाली, "तुमी म्हणताय आपल्यात फरक न्हाय. मला जर्मन कळत न्हाय, पर मराठी कळतंय. ती म्हातारी व्हरांड्यात चालतीय, का व्हरांड्यात चाललीय?"

खालच्या दुकानात पाइप कापायचा आवाज चालू होता. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"अहो, चालतीय म्हणजी हितंच फिरतीय. चाललीय म्हणजी दुसरीकडनं निघून तिकडं जातीय. मी सकाळी रानात चाललीय म्हणते, तवा मी घरी असते. रानात चालतीय म्हणते, तवा मी रानात असते. फरक न्हाय कसा?"

मी खडू हातात धरून उभी राहिले. चालतीय. चाललीय. आयुष्यभर मी हे दोन शब्द बोलत आले. एकाच्या जागी दुसरा कधी तोंडातून गेला नाही. पाच वर्षांचं पोरही चुकत नाही. आणि मी, व्याकरणाची दोन पुस्तकं शेल्फवर ठेवून, मुलींना सांगत होते की मराठीला हा फरकच कळत नाही. तो होता, फक्त आपण त्याला क्रियापदात ठेवला होता. जर्मननं तो नामापुढच्या त्या दोन अक्षरांच्या शब्दात ठेवला. दोन भाषा, हजारो मैलांवर, आणि दोघींनी एकच गोष्ट लक्षात घेतली होती: माणूस चालतोय म्हणजे तो कुठं जातोच आहे असं नाही.

मी फळ्याकडं वळले आणि 'डेन'खाली 'चाललीय' लिहिलं, 'डेम'खाली 'चालतीय'.

पहिल्या बाकावरची एक मुलगी "अगंबाई" म्हणाली आणि तोंडावर हात धरला.

मला राहवलं नाही. मी मावशींच्या शेजारी जाऊन बसले. "मावशी, अजून एक सांगा. मांजर खाटेखाली पळतंय. इथं मराठीत 'चालतंय-चाललंय' करता येत नाही. मग कसं ओळखायचं?"

तिनं क्षणभर विचार केला. "मांजर पळायच्या आधी कुठं हुतं?"

"म्हणजे?"

"पळायला लागलं तवा ते खाटंखालीच हुतं, का भाईर हुतं? आधीपास्नं खालीच आसंल तर ते खालच्या खाली पळतंय. भाईर आसंल तर ते खाली गेलं."

"आणि घार रानावर उडतेय?"

"रानावर घिरट्या घालतीय, का रानावरनं पलीकडं निघून गेली?" ती हसली. "तुमाला कुठली घार दिसतीय त्यावर हाय, बाई. मला तर आज काईच दिसंना."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण मी मनातल्या मनात जर्मन वाक्यं तपासत होते. घार रानावर घिरट्या घालते: 'यूबर डेम फेल्ड', डाटिफ. रानावरून पलीकडं जाते: 'यूबर डास फेल्ड', अक्कुझाटिफ. बरोबर. मांजर, बरोबर. बागेतलं फिरणं, तलावातलं पोहणं, सगळं बरोबर. ज्यांना मी अपवाद म्हणत आले ते एकेक करून रांगेत येऊन उभे राहिले. प्रश्न हलण्याचा कधी नव्हताच. आधी बाहेर असलेलं काही आता आत आलं का, आधी वर नसलेलं आता वर आलं का, एवढंच त्या नऊ शब्दांना हवं होतं.

मी उठले. मुलींना म्हटलं, "माझी ओळ खोडा. 'हललं की अक्कुझाटिफ' ही ओळ चूक आहे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आणि परवा हिला 'अपवाद' म्हणून सांगितलं ते माहीत नव्हतं म्हणून सांगितलं."

पेनांच्या रेघा ओढल्याचा आवाज आला. अंथुर्ण्याच्या त्या मुलीनं वही उघडली आणि 'अपवाद' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग प्रत्येक पानावरचे 'हललं-थांबलं' हे दोन मथळे खोडत गेली. मला तिच्याकडं बघवत नव्हतं, पण ती रागावलेली नव्हती. खोडता खोडता पुटपुटत होती, "चाललीय, चालतीय, चाललीय..."

मग एकीनं विचारलं, "मॅडम, 'डॉक्टरकडं जाते' यात तर ती नक्की चाललीय. मग 'त्सू डेम आर्त्स्ट' कसं? डाटिफ का?"

तो प्रश्न मला आवडला, कारण याचं उत्तर मला येत होतं. "तो 'त्सू' आहे. तो त्या नऊ शब्दांत नाही. त्याला विचारायचंच नसतं, तो कायम डाटिफ. 'चाललीय का' हे फक्त त्या नऊ जणांना विचारायचं." मावशी मागून म्हणाली, "व्हय, काई माणसं तशीच आसत्यात. काय बी झालं तरी एकच बोलणार."

त्यांची साडेबाराची एसटी होती. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. मावशी एक हात कठड्यावर, एक मुलीच्या खांद्यावर ठेवून उतरत होती. मध्येच थांबून म्हणाली, "बाई, म्या काई चूक बोलले आसंल तर माफ करा. शाळा चौथीपतूरच झालीय."



पुढचे सहा आठवडे मी आणि ती मुलगी रोज अर्धा तास जादा बसलो. दवाखान्यातल्या वाक्यांवर. तिच्या कामात ही दुहेरी विभक्ती दर मिनिटाला येत होती. डोळ्यात थेंब टाकते, 'इन डास आउग'. थेंब डोळ्यात आहेत, 'इम आउग'. उशी डोक्याखाली ठेवते, 'उंटर डेन कोप्फ'. उशी डोक्याखाली आहे, 'उंटर डेम कोप्फ'. रुग्णाला पलंगावर निजवते, रुग्ण पलंगावर निजलाय. ती म्हणायची, "मॅडम, एक 'न' आणि एक 'म' बदलला की पलीकडच्या माणसाला कळतं, मी करायचीय ते सांगतेय की झालंय ते." मी म्हणायचे, "हो." आणि दर वेळी मला त्या 'न' आणि 'म'ची भीती वाटायची. ओठ मिटले की 'म', उघडे राहिले की 'न'. इतकी छोटी गोष्ट एवढं ओझं उचलते.

दुसरी मुलाखत तिनं माझ्या खोलीत बसून दिली. वीज जाईल म्हणून इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर. खालच्या दुकानदाराला विनंती केली होती, एक तास पाइप कापू नका. त्यानं शटर अर्धं ओढून घेतलं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात बसले.

पडद्यावर तीच बाई होती, दवाखान्याची नर्सिंग प्रमुख. पांढरे आखूड केस, समोर कॉफीचा मग. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर तिनं चित्र दाखवलं. एक खोली, एक पलंग, पलंगाशेजारी जमिनीवर पडलेली म्हातारी. चाकाची काठी आडवी. पाण्याचा ग्लास सांडलेला.

"सांगा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "काय दिसतंय?"

मुलगी बोलायला लागली. रुग्ण पलंगाशेजारी जमिनीवर पडली आहे, 'नेबन डेम बेट, आउफ डेम बोडन'. डाटिफ, बरोबर. काठी दारापुढं आहे, 'फोर डेर ट्युअर'. स्त्रीलिंगी, डाटिफ, बरोबर. मग आपण स्वतः काय करणार ते सांगायला लागली आणि विभक्ती उलटली. मी रुग्णाच्या शेजारी गुडघे टेकते, 'नेबन डी पात्सिएन्टिन'. अक्कुझाटिफ. डॉक्टरांनी तपासल्यावर आम्ही तिला पलंगावर उचलून घेतो, 'इन डास बेट'. अक्कुझाटिफ. मग एक वाक्य आलं ज्यासाठी मी तिला तयारही केलं नव्हतं: पडल्यामुळे, 'वेगन डेस श्टुर्त्सेस', मी तिच्या मुलाला फोन करते. 'डेस'. चौथी विभक्ती, गेनिटिफ, जी लोक बोलताना आळसानं टाळतात.

त्या बाईनं मान डोलावली. मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाली, "पडायच्या आधी ती काय करत होती? ती 'इन्स त्सिमर' चालत होती की 'इम त्सिमर'?"

'इन्स' म्हणजे 'इन डास' जोडून. खोलीत येत होती, की खोलीतच चालत होती? चित्रावरून ते कळण्यासारखं नव्हतं. काठी दाराजवळ होती खरी, पण ती घसरून गेलेली असू शकते. मला वाटलं, हा सापळा आहे.

मुलीनं चित्र पुन्हा नीट पाहिलं. मग म्हणाली, "चित्रावरून मला कळत नाही. मी तिलाच विचारीन." आणि जणू ती म्हातारी समोर जमिनीवर आहे असं खाली वाकून, हळू आवाजात, तिनं विचारलं, "झिंड झी इन्स त्सिमर गेलाउफन, ओडर इम त्सिमर?"

पडद्यावरची बाई एकदम थांबली. मग हसली. मोठ्यानं. तिनं कॉफीचा मग खाली ठेवला आणि म्हणाली, "बरोबर. आमचे इथले लोकसुद्धा विचारत नाहीत. गृहीत धरतात."

मुलाखत संपली. पडदा काळा झाला होता. खालून दुकानदारानं ओरडून विचारलं, "झालं का हो मॅडम? कापू का पाइप?" मी "कापा" म्हटलं, तेव्हा कुठं तिला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम.

तिची निवड झाली. व्हिसा, कागद, तपासण्या यांत आणखी काही महिने गेले आणि ती गेली.

ती गेल्यावर साधारण चार महिन्यांनी मी अंथुर्ण्याला गेले. मावशींनी दोनदा निरोप पाठवला होता. दोडक्याचा मांडव हिरवागार होता. मावशी मांडवाखाली वाकून दोडके खुडत होत्या. मी मदत करते म्हटलं तर करू दिली नाही. खाट टाकून बसवलं, चहा दिला आणि पुन्हा मांडवाखाली गेल्या. आम्ही बोलत होतो, त्या पानांच्या आडून, मी खाटेवरून.

"फोन करते का?"

"करते की. रोजच. कवा ड्युटी आसली तर न्हाय. त्या दिवशी सांगत व्हती, तितल्या एका म्हातारीला ती लई आवडते. हात सोडतच न्हाय म्हणं." एक दोडका टोपलीत पडला. "बाई, एक इचारू? तुमी ते डेन-डेम शिकवता. वाट बघणं कशात येतं?"

मी कपावरून वर पाहिलं. "वाट बघणं?"

"हां. मी हितं बसून वाट बघते. मी कुठं हालत न्हाय, जात न्हाय. हितल्या हितं. म्हणजी डेमच आसंल ना?"

हे त्यांनी खरंच विचार करून विचारलं होतं. त्यांनीच मला दिलेल्या कसोटीनं डेमच यायला हवा होता. "नाही, मावशी. वाट बघणं म्हणजे 'वार्टन आउफ'. आणि तिथं 'आउफ'नंतर अक्कुझाटिफ येतो. डेन. हे क्रियापदाबरोबर ठरलेलं आहे, तिथं जागा विचारायची नसते. पाठच करावं लागतं."

"डेन? चाललीय वालं?"

"हो. तेच. पण त्याचं कारण असं काही सांगता येत नाही. भाषेनं ठरवलंय, बस."

दोडके खुडण्याचा आवाज थांबला. पानांमधून त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग त्या म्हणाल्या, "त्यास्नी कसं कळलं आसंल बरं?"

"काय?"

"की माणूस बसल्या जागीच आसतं, पर जीव तिकडं चाललेला आसतो."

त्याचं खरं कारण हे नसेल. व्याकरणाच्या पुस्तकात असलं काही लिहिलेलं नाही, आणि मी वर्गात ते कधी सांगणार नाही. पण मांडवाखालच्या त्या हिरव्या उजेडात मला वाद घालावासा वाटला नाही. चहा कधीच संपला होता, कप हातातच होता. मावशी पुन्हा खुडायला लागल्या. निघताना त्यांनी दोन किलो दोडके पिशवीत घातले आणि म्हणाल्या, कोवळे हायत, आजच करा.